दोघांचा पगार, एकच हप्ता

“काका, आमचा दोघांचा मिळून ऐंशी हजार पगार आहे. लोन किती मिळेल?”

भिलाईत गृहकर्जाचं काम करताना हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. विचारणारे बहुतेक वेळा लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेले असतात. सोबत मोबाइलमध्ये एखाद्या फ्लॅटचे किंवा डुप्लेक्सचे फोटो असतात. जुनवानी, कोहका, स्मृतीनगर, रिसाली, नाहीतर दुर्गच्या बाजूचं एखादं नवं काम. घर जवळजवळ ठरलेलं असतं आणि आकडा तेवढा माझ्याकडून हवा असतो.

त्यांच्या आईवडिलांना हा प्रश्न पडला नव्हता. १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्याबरोबर सेक्टरांची टाउनशिप वसली. विदर्भातून इथे नोकरीला आलेल्या आमच्या माणसांना नोकरीबरोबर क्वार्टर मिळालं. घर घ्यायचा विचार निवृत्ती जवळ आली की सुरू व्हायचा आणि बराचसा पैसा भविष्यनिर्वाह निधीतून यायचा. आज मुलगा खासगी कारखान्यात किंवा कंत्राटदाराकडे कामाला असतो, क्वार्टर नसतं, आणि घर अठ्ठाविसाव्या वर्षी कर्जावर घ्यायचं असतं. वीस वर्षांच्या हप्त्याचा हिशेब घरात कुणी केलेलाच नसतो, म्हणून तो शिकवायलाही कुणी नसतं. तो हिशेब या प्रकरणात पायरीपायरीने करू.

सोबतीला एक जोडपं घेऊ. त्यांचे आकडे मी अनेक घरांच्या कागदांवरून जुळवले आहेत, कुणा एकाचे नाहीत. तो औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात नोकरी करतो, वय २९. ती खासगी शाळेत शिकवते, वय २७. शिल्लक ११ लाख. मनात भरलेलं घर ४० लाखांचं.

१. बँक कोणता पगार मोजते

ऐंशी हजार कसे झाले ते आधी पाहू. पीएफ कापून त्याचा ठरलेला पगार ४६,०००. ओव्हरटाइम कधी दहा हजार, कधी काहीच नाही, सरासरी ६,०००. तिला शाळेतून खात्यात २२,००० येतात आणि संध्याकाळच्या शिकवणीचे ५,००० रोख मिळतात. बेरीज ७९,०००. घरात बोलताना त्याचे ऐंशी झाले.

बँकेकडे या चार रकमांसाठी चार वेगळी मापं आहेत. ठरलेला पगार पूर्ण मोजला जातो. तिचा शाळेचा पगारही पूर्ण, कारण तो दर महिन्याला खात्यात दिसतो. ओव्हरटाइमचा भरवसा नसतो. प्लांटचं मोठं काम निघालं की सहायक कारखान्यांत रात्रपाळ्या लागतात आणि ते संपलं की बंद होतात. म्हणून बँका सहसा मागच्या काही महिन्यांची सरासरी काढून त्यातला निम्माच भाग धरतात. शिकवणीचे रोख पैसे खात्यात नाहीत, आयकर विवरणात नाहीत, म्हणून बँकेच्या लेखी ते नाहीतच.

म्हणजे ४६,००० अधिक ३,००० अधिक २२,०००. बँकेचा आकडा ७१,०००.

इथे कुणीतरी हळूच सांगतं, की अमुक माणूस पगाराची स्लिप वाढवून देतो. तसं करू नका. बँक पगाराची स्लिप, फॉर्म १६, आयकर खात्याकडची नोंद, पीएफचं पासबुक आणि बँक खातं समोरासमोर ठेवून पाहते. स्लिप एखाद्याच्या संगणकावर बदलता येते, पण पीएफच्या पासबुकातली रक्कम बदलत नाही. खोटा कागद सापडला की अर्ज नाकारला जातोच, शिवाय तो फसवणुकीचा गुन्हा ठरतो आणि सही तुमची असते. शिकवणीचं उत्पन्न खरंच दाखवायचं असेल, तर ते खात्यात जमा करून विवरणात लिहिण्याचा एकच मार्ग आहे, आणि त्याला दोन वर्षं लागतात.

२. निम्म्याची रेघ

घरात आलेल्या दुधातलं थोडं विरजणाला आणि थोडं चहाला ठेवलेलं असतं, उरलेल्यातूनच खीर होते. बँकही पगाराकडे असंच पाहते. जेवण, शाळा, दवाखाना, सण यांसाठी साधारण अर्धा पगार घरी राहिलाच पाहिजे असं ती धरते. सगळे हप्ते मिळून उरलेल्या अर्ध्यात बसले पाहिजेत. या प्रमाणाला आमच्या धंद्यात ‘फॉयर’ म्हणतात. कुठे ते ४० टक्के असतं, मोठ्या पगाराला ५५-६० पर्यंत जातं. कुठली संस्था हातात येणारा पगार धरते, कुठली कपातीआधीचा. आपण मधला मार्ग म्हणून ५० टक्के धरू.

७१,००० चे निम्मे ३५,५००. पण ही रक्कम एकट्या घराच्या हप्त्यासाठी नाही. ‘सगळे हप्ते मिळून’ हे शब्द बहुतेक जण विसरतात. या जोडप्याचं आधीचं देणं असं होतं: कर्मचारी सोसायटीच्या कर्जाचे ४,००० पगारातूनच कापले जातात. मोटरसायकलचे ३,२००. मोबाइलचे २,३००, अजून दहा हप्ते बाकी. क्रेडिट कार्डवर ३०,००० थकलेले. कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून बऱ्याच बँका थकबाकीचे पाच टक्के, म्हणजे इथे १,५०० रुपये, महिन्याचं देणं म्हणून धरतात.

एकूण ११,०००. ते वजा केले की घराच्या हप्त्यासाठी २४,५०० उरतात.

सोसायटीच्या कर्जाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आमच्याकडे कामगारांच्या पतसंस्थांची जुनी सवय आहे. मित्राने कर्ज घेतलं की आपण जामीन राहतो, आणि आपल्याला लागलं की तो. बँकेच्या अर्जात ‘कुठे जामीनदार आहात का’ हा रकाना असतो आणि लोक तो रिकामा सोडतात. मित्राचे हप्ते थकले तर ती बाब तुमच्या पतनोंदीवर येऊ शकते आणि नेमकी तुमचं घर ठरायच्या वेळी पुढे येते. अर्ज भरण्यापूर्वी दोघांनी आपापला सिबिल अहवाल काढून पाहावा. देशात सिबिल धरून अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आपला अहवाल आपण पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकले तर मात्र त्या पाचही चौकशा नोंदवल्या जातात.

३. लाखाला किती

महिन्याला २४,५०० भरता येतात, तर कर्ज किती? त्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवा, एक लाखाचा हप्ता. व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षं असेल तर एक लाखाला महिन्याला ८३६ रुपये पडतात. ८ टक्के मी हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या वेळी जो दर असेल तो घ्या.

२४,५०० भागिले ८३६. उत्तर साधारण २९ लाख ३० हजार.

आता हा हिशेब उलटा करून बघा. मोबाइलचे उरलेले २३,००० आणि कार्डाचे ३०,००० त्यांनी शिलकीतून एकदम फेडले, तर ५३,००० रुपये गेले. पण महिन्याचं देणं ३,८०० ने कमी झालं, आणि ३,८०० ला ८३६ ने भागलं की साडेचार लाख येतात. पात्रता ३३ लाख ८० हजारांवर गेली. पात्रता वाढवायचा सरळ आणि खरा उपाय मला तरी हाच माहीत आहे. लहान हप्ते आधी संपवा, पतनोंदीत ते बंद झाल्याचं दिसू द्या, मग अर्ज करा.

दुसरा उपाय सगळे सुचवतात, मीही पूर्वी सुचवायचो. मुदत तीस वर्षं करा. लाखाचा हप्ता ८३६ वरून ७३४ वर येतो आणि २४,५०० मध्येच ३३ लाखांहून अधिक कर्ज बसतं. पण वीस वर्षांत एका लाखामागे व्याज जातं सुमारे एक लाख, तर तीस वर्षांत एक लाख चौसष्ट हजार. शंभर रुपयांनी हप्ता हलका झाला, त्यापायी लाखामागे चौसष्ट हजार जास्त गेले. तीस वर्षांची मुदत वाईटच असं मी म्हणत नाही. अडचणीच्या काळात ती उपयोगी पडते. पण पहिल्याच दिवशी ती वापरून टाकली, तर अडचण आल्यावर ताणायला काही उरत नाही.

४. घराची बाजू

आतापर्यंत फक्त माणसांची पात्रता मोजली. घरालाही पात्रता असते.

रिझर्व्ह बँकेने घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याची मर्यादा घातली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या मध्ये ८० टक्क्यांपर्यंत, त्याहून मोठं असेल तर ७५ टक्क्यांपर्यंत. ही वरची हद्द आहे, बँक त्याहून कमी देऊ शकते. दहा लाखांहून महाग घराला मुद्रांक शुल्क आणि रजिस्ट्रीचा खर्च या किमतीत धरता येत नाही, तो तुमच्या खिशातूनच जातो.

आपल्या जोडप्याचं घर ४० लाखांचं. आता त्यांची पात्रता ३३.८ लाख असली तरी घरावर ८० टक्के म्हणजे ३२ लाखच मिळतील. दोन्हींतला लहान आकडा खरा. बँकेचा मूल्यांकन करणारा येऊन ‘हे घर ३८ लाखांचं’ म्हणाला, तर ३८ चे ८० टक्के. त्याला बिल्डरचा दर बांधील नसतो. काही रक्कम रोख देऊन रजिस्ट्री कमी किमतीची करायचं ठरलं असेल, तर कर्ज त्या कमी किमतीवर मिळतं आणि रोख भाग पूर्ण तुम्हीच उभा करायचा असतो.

३२ लाख कर्ज धरलं तर त्यांचे ८ लाख. रजिस्ट्रीचा सगळा खर्च मी इथे नऊ टक्के धरतो, म्हणजे ३.६ लाख. नेमका दर रजिस्ट्रीच्या तारखेला उपपंजीयक कार्यालयातून विचारून घ्या. महिलेच्या नावाने खरेदी असेल तर सवलत किती, तेही तिथेच विचारा. झाले ११.६ लाख. शिल्लक होती ११, त्यातून ५३ हजार आधीच गेले. दारं-खिडक्या, पंखे, स्वयंपाकघराचा ओटा यांना अजून दोनेक लाख. तुटलेले तीन लाख वैयक्तिक कर्ज काढून भरू, असं त्यांनी ठरवलं होतं.

हीच गोष्ट मी सगळ्यात आधी थांबवतो. तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ६,६७० येतो. निम्म्याच्या रेघेतून तेवढी रक्कम वजा होते, आणि त्यामुळे गृहकर्जाची पात्रता आठ लाखांनी घटते. तीन लाख मिळवताना आठ लाख जातात. मंजुरी झाल्यावर आणि पैसे मिळण्याआधी असं कर्ज काढलं तरी बँक वितरणापूर्वी पतनोंद पुन्हा तपासू शकते.

आणखी दोन गोष्टी भिलाईच्या म्हणून सांगतो. टाउनशिपमधलं लीजवर दिलेलं क्वार्टर कुणी विकायला काढलं, तर जमीन तुमची होत नाही, फक्त लीजचा हक्क मिळतो. तो गहाण ठेवता येतो का, हे लीजच्या करारावर आणि व्यवस्थापनाच्या परवानगीवर अवलंबून असतं, म्हणून बँकेला तो करार आधी दाखवा. दुसरी गोष्ट शहराच्या कडेच्या प्लॉटांची. शेताचे तुकडे पाडून, मुरमाचा रस्ता टाकून प्लॉट विकले जातात. त्या जमिनीचं निवासी वापरासाठी डायव्हर्शन झालेलं नसतं आणि नगर तथा ग्राम निवेश विभागाचा मंजूर नकाशा नसतो. असा प्लॉट बँकेचा वकील परत पाठवतो. तोवर बयाना दिलेला असतो आणि तो परत मिळवताना लोकांच्या चपला झिजतात. मोठा बयाना द्यायच्या आधी खसरा, बी-वन, डायव्हर्शनचा आदेश आणि नकाशा बँकेच्या वकिलाकडून तपासून घ्या. प्रकल्प रेराखाली नोंदवण्याजोगा असेल तर नोंदणी क्रमांक घेऊन तो रेराच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

५. तिसऱ्या वर्षाचा हिशेब

बँकेचं काम इथे संपतं. ३२ लाख मिळू शकतात, हप्ता २६,७६६. निम्म्याच्या रेघेत बसतो आणि फाइल मंजूर होते.

पण बँकेने जो महिना मोजला तो आजचा आहे. दोघंही कमावते, मूल नाही, आईवडील धडधाकट. तरुण जोडप्याच्या आयुष्यात एवढा मोकळा महिना पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, आणि वीस वर्षांचं कर्ज नेमकं त्याच महिन्यावर उभं राहतं.

म्हणून मी त्यांना एक दुसरा कागद करायला लावतो. वर लिहायचं, ‘तिसरं वर्ष, बाळ सहा महिन्यांचं, एकच पगार’. प्रसूतीच्या रजेचा कायदा पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा देतो. पण लहान खासगी शाळांत दर सत्राला नवी नेमणूक करण्याची पद्धत असते, आणि प्रत्यक्षात कितीतरी शिक्षिकांची नोकरी त्या वर्षी सुटते. पुन्हा मिळते, पण वर्ष-दोन वर्षांनी. हे बायकोच्या पगाराबद्दल मी मुद्दाम बोलतो, कारण अर्ज भरताना तो पगार पूर्ण मोजला जातो आणि घर ठरवताना तो जाऊ शकतो हे कुणी बोलत नाही.

कागदावर आकडे असे येतात. त्याचे सरासरी ५२,०००. त्यातून सोसायटी ४,००० आणि मोटरसायकल ३,२०० गेले, राहिले ४४,८००. त्यातून २६,७६६ हप्ता गेला की घरात १८,०००. ओव्हरटाइम बंद असेल त्या महिन्यात १२,०००. त्यात दूध, किराणा, लसी, गॅस, वीज, गावाकडे पाठवायचे पैसे. हे जमत नाही. मग क्रेडिट कार्ड निघतं, मग सोसायटीचं नवं कर्ज. मी फाइल केलेल्या एका घरात हे घडताना पाहिलं आहे. पात्रता पूर्ण वापरा असा सल्ला मीच दिला होता, तेव्हा हा दुसरा कागद करायची मला सवय नव्हती. चौथ्या वर्षी त्यांनी ते घर विकलं.

आता तोच कागद २४ लाखांच्या कर्जाने करू. हप्ता २०,०७५. एका पगारावर घरात २४,७०० राहतात, ओव्हरटाइम नसताना १८,७००. ओढाताण आहे, पण महिना निघतो. आणि २४ लाखांचं कर्ज म्हणजे साधारण ३० लाखांचं घर: त्यांचे ६ लाख, रजिस्ट्री २.७ लाख. दारं-खिडक्या आणि ओट्याचा खर्च सोडला तर शिलकीतून जवळपास १ लाख ८० हजार मागे राहतात, म्हणजे नऊ महिन्यांचे हप्ते. ४० लाखांच्या घरात ही गंगाजळी शून्य होती आणि वर तीन लाखांचं कर्ज होतं.

ती नाराज झाली, कारण ४० लाखांच्या घराला गॅलरी होती. माझ्याकडे गॅलरीला उत्तर नव्हतं. मी त्यांना सहा महिने तालीम करायला सांगितली. सध्याचं भाडं आणि होणारा हप्ता यांतला फरक, शिवाय तिचा पूर्ण पगार, दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकायचा आणि उरलेल्यात घर चालवायचं. जमलं तर ते कर्ज पेलणारं आहे, आणि सहा महिन्यांत शिल्लकही वाढते. तिसऱ्याच महिन्यात ठेव मोडावी लागली तर आकडा मोठा आहे.

६. व्याज चढलं तर

बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, बांधलेली आहेत. तो वर गेला की तुमचा दर वर जातो, खाली आला की खाली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. अडीच टक्के ऐकायला लहान वाटतात.

एक लाखाचं उदाहरण घ्या. ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, हप्ता ७७५. वर्षभर भरल्यावर मुद्दल उरलं सुमारे ९७,६२०. आता दर एकदम ९.५ टक्के झाला असं समजू. खरं तर तो टप्प्याटप्प्याने चढला, पण हिशेब समजायला हे सोपं. त्या मुद्दलावर एका महिन्याचं व्याज होतं ७७३ रुपये. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जमा होतात दोन-अडीच रुपये. महिनाभर घाम गाळून लाखाचे अडीच रुपये फिटले. ठरलेल्या मुदतीत कर्ज संपवायचं असेल तर हप्ता ९२६ करावा लागतो.

त्या काळात कितीतरी लोकांना हप्ता तोच दिसत होता, म्हणून ते निर्धास्त होते. मागे मुदत वाढत गेली होती. याच अनुभवानंतर १८ ऑगस्ट २०२३ला रिझर्व्ह बँकेने निर्देश दिले: दर बदलला की बँकेने कळवायचं आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय ग्राहकाला द्यायचा. मुदत वाढवताना व्याजसुद्धा न फिटण्याची वेळ येता कामा नये. तेव्हा असं पत्र आलं तर बाजूला ठेवू नका. शक्य असेल तर हप्ता वाढवून घ्या. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही, त्यामुळे बोनसमधले पंचवीस हजार थेट मुद्दलात टाकता येतात.

आपल्या जोडप्याच्या कागदावर ही चाचणीही करायची: दर अडीच टक्क्यांनी वाढला तर? ८ चे साडेदहा झाले की लाखाचा हप्ता ९९८. ३२ लाखांना ३१,९००, २४ लाखांना २३,९६०. दुसरा आकडा दोन पगारांत सहज निघतो. पहिला आकडा एका पगारावर आला तर घर राहत नाही.

७. दोन सह्या

अर्जावर दोघांच्या सह्या असतात, आणि दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात, अर्ध्या-अर्ध्या नव्हे. एकाचं काही बरंवाईट झालं किंवा दोघं वेगळे झाले तरी बँक उरलेल्या एकाकडून पूर्ण हप्ता मागते. म्हणून सहकर्जदार असलेली व्यक्ती रजिस्ट्रीत सहमालकही असावी. पगार तिचा धरला आणि मालकी एकट्या त्याची, अशा फाइली माझ्याकडे येतात. मी दोघांना समोर बसवून विचारतो. दोघांच्या नावावर कर्जाइतका साधा मुदतीचा विमा काढावा. बँकेच्या टेबलावर पुढे केलेला विमाच घेण्याची सक्ती नसते, आणि त्याचा हप्ता कर्जात मिळवला तर त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं.

८. माझी बाजूही जाणून घ्या

माझ्यासारख्या एजंटाला पैसे बँक देते, वितरित झालेल्या कर्जाच्या टक्केवारीने. ३२ लाखांच्या फाइलीवर मला २४ लाखांच्या फाइलीपेक्षा जास्त मिळतात. हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, म्हणजे माझा सल्ला ऐकताना तुम्ही ते लक्षात ठेवाल. एजंटाला तुमच्याकडून रोख ‘फाइल चार्ज’ घ्यायचा नसतो. बँकेची प्रक्रिया फी बँकेच्या नावाने, पावतीसह भरायची. ‘मंजुरीची गॅरंटी’ कुणीही देऊ शकत नाही, कारण निर्णय बँकेचा असतो. अशी गॅरंटी देणारा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मागणारा आणि ओटीपी विचारणारा एजंट दारातूनच परत पाठवा.

सही करण्याआधी एक कागद मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जासोबत बँकेने मुख्य माहितीचं पत्रक द्यायचं आहे, कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात कर्ज, मुदत, हप्ता, सगळी फी आणि सगळा खर्च धरून पडणारा वार्षिक दर एकाच ठिकाणी लिहिलेला असतो. पत्रकात नसलेली फी नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. पत्रक दिल्यापासून निदान तीन कामाचे दिवस त्यातल्या अटी कायम राहतात. तेवढ्यात ते घरी न्या, दोघांनी ओळ न ओळ वाचा, तिसऱ्या वर्षाचा कागद शेजारी ठेवा. एजंट म्हणाला, “आजच सही करा, उद्या दर जाईल,” तर त्याला हे तीन दिवस दाखवा आणि सही तिसऱ्या दिवशी करा.